वारशातला नाणेसंग्रह वाटायचा कसा: मूल्यांकन, हिस्साखरेदी आणि चिठ्ठ्या

देणी, मृत्युपत्र आणि वारस कोण हे ठरलेले आहे, आणि संग्रह विकून टाकायचा नाही, वाटून घ्यायचा आहे, असे मी धरून चालतो. यादी करा, प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, वजन लिहा. नाणी पुसू नका, घासू नका, चमकवू तर मुळीच नका. घासलेल्या नाण्याची संग्राहकांकडची किंमत पडते आणि ती परत वर येत नाही. मालिकेतली नाणी संच म्हणून एकत्र जास्त किमतीची असतील, तर तो संच एकच वस्तू धरा. "प्रत्येकाला थोडे थोडे" म्हणून संच फोडणारे सगळ्यांचेच नुकसान करतात.

मूल्यांकन करणारा एकच असावा. तो स्वतः खरेदीदार नसावा आणि त्याचे शुल्क किमतीच्या टक्केवारीत नसावे. शुल्क सगळ्यांनी सारखे वाटून द्यावे.

आकडा कोणता हवा?

माझी सुरुवातीला सगळ्यात जास्त दमछाक इथे व्हायची, आणि बहुतेक सल्ले नेमके इथेच गप्प बसतात. एकाच नाण्याच्या तीन खऱ्या किमती असतात. तेच नाणे आज दुकानातून परत घ्यायचे तर लागेल ती एक. विमा बहुधा तिच्यावर काढतात आणि ती सगळ्यात मोठी असते. इच्छुक खरेदीदार आणि घाई नसलेला विक्रेता यांच्यात ठरेल तो बाजारभाव ही दुसरी. विकल्यावर कमिशन आणि खर्च वजा जाता हातात पडेल ती तिसरी, अर्थातच सगळ्यात लहान.

"सगळ्यांना एकच माप लावले की झाले" असे लोक सांगतात. हे अर्धेच खरे आहे. सगळ्यांना नाणीच मिळणार असतील आणि आकडे सारख्याच प्रमाणात फुगलेले असतील, तर काही बिघडत नाही. पण एकाने वस्तू घेतली आणि दुसऱ्याला रोख दिली की फुगवट्याचा भार एकावरच पडतो, कारण रोख कधी फुगलेली नसते.

उदाहरण घेऊ. तीन भावंडे आहेत, थोरला, मधली आणि धाकटा. आकडे हजारांत, चलन कोणतेही धरा. संग्रहात एक दुर्मीळ सोन्याचे नाणे आहे, बाजारभाव २४०. बाकी पाच संच १२०, ९०, ६०, ५० आणि ४० चे. एकूण ६००, म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा २००. थोरल्याने सोन्याचे नाणे घेतले तर तो हिश्श्यापेक्षा ४० पुढे गेला, म्हणून त्याने ४० रोख आणायचे. आता हेच आकडे विम्याच्या यादीतून उचलले आणि ते दीडपट होते असे समजा. नाणे ३६०, एकूण ९००, हिस्सा ३००, आणि थोरल्याने आणायचे ६०. नाणे तेच, बाजार तोच, पण त्याच्या खिशातून २० जास्त गेले. उलट तिसरी, विक्रीनंतरची किंमत धरली, तर रोख घेणारे मार खातात. म्हणून मी बाजारभावच धरतो आणि तो सगळ्यांसाठी एकाच तारखेचा घेतो. सोन्या-चांदीच्या नाण्यांत तारखेला फार महत्त्व आहे. धातूचा भाव हलला की साधी नाणी लगेच हलतात, दुर्मीळ नाणी तितकी हलत नाहीत, आणि जुन्या यादीतले आपसातले प्रमाणच बिघडते.

कोणालाच नको असलेली वस्तू मात्र मूल्यांकनाच्या किमतीला कोणाच्या गळ्यात मारू नका. ती विका आणि हातात आलेली रक्कम हिशेबात धरा.

हिस्सा विकत घेणे

इथली नेहमीची चूक म्हणजे घेणाऱ्याने पूर्ण किंमत बाकीच्यांना देणे. त्या वस्तूत त्याचाही हिस्सा असतो, तो स्वतःकडूनच कसा विकत घेणार? वस्तूगणिक पैसे फिरवत बसू नका. प्रत्येकाच्या नावाचे एक खाते मांडा, घेतलेल्या वस्तू त्यात लिहा आणि शेवटी हिश्श्याशी ताडून एकदाच रोख द्या-घ्या.

एकच नाणे दोघांना हवे असेल तर चिठ्ठी टाकू नका. माझे हे मत पक्के आहे. चिठ्ठीत जिंकणाऱ्याला ते मूल्यांकनाच्या किमतीत मिळते आणि हरणाऱ्याच्या ओढीची कोणीच किंमत मोजत नाही. दोघांनी बंद लिफाफ्यात बोली द्यावी, मूल्यांकनापेक्षा कमी नाही. लिफाफे एकाच वेळी उघडावेत. मोठी बोली जिंकते आणि तोच आकडा खात्यावर चढतो. थोरल्याने २७० लिहिले आणि मधलीने ३००, तर नाणे मधलीचे. आता संग्रह ६६० चा झाला आणि हिस्सा २२० चा. मधली ८० पुढे आहे, तिने ८० आणायचे. उरलेले ३६० चे संच दोघा भावांत १८०-१८० जातील आणि वर प्रत्येकाला ४० रोख मिळतील. थोरल्याने नाणे २४० ला घेतले असते तर बाकी दोघांना २०-२० च मिळाले असते. म्हणजे हरणाऱ्यालाही मोबदला मिळतो. पोलिश गणिती ब्रोनिस्वाव क्नास्टर यांनी बंद बोलींची अशीच एक पद्धत मांडली होती, तिच्यात प्रत्येक वस्तूवर सगळेच बोली देतात. घरात तेवढा खटाटोप लागत नाही, वादाच्या वस्तूंपुरती बोली पुरते.

एक अडचण आहे. ज्याच्या हातात पैसा आहे तोच बोलीत जिंकतो. एखादा वारस अगदीच तंगीत असेल तर त्याला रक्कम आणायला मुदत द्या, ती तारीख लिफाफे उघडण्याआधी लिहून ठेवा आणि पैसे येईपर्यंत नाणे सामाईकच राहू द्या.

चिठ्ठ्या कशासाठी?

जिथे कोणाची खास ओढ नाही तिथे. वरच्या उदाहरणात उरलेल्या संचांचे दोन ढीग सरळ होतात: १२० आणि ६० एका बाजूला, ९०, ५० आणि ४० दुसऱ्या. दोन्ही १८० चे. चिठ्ठ्या टाका, ज्याला जो येईल तो त्याचा. ढीग अगदी बरोबरीचे झाले नाहीत तर फरक खात्यावर घ्या. ढीग करणाऱ्याला आपल्या वाट्याला कोणता येणार हे आधी कळता कामा नये, एवढीच अट.

वस्तू बऱ्याच असतील आणि लोकांना निवडायचे असेल तर चिठ्ठीने फक्त क्रम ठरवा. पहिल्या फेरीत एक-दोन-तीन, दुसरीत तीन-दोन-एक. दर फेरीत त्याच माणसाची पहिली निवड ठेवली तर चांगला माल तोच उचलत राहतो. आपला हिस्सा भरला त्याने थांबायचे, नाहीतर पुढची वस्तू रोखीने घ्यायची. वाटणीनंतर आपसात अदलाबदल खुशाल करा, पण यादीतल्याच आकड्यांवर.

शेवटच्या यादीवर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि एक ओळ आवर्जून घाला: नंतर कोणी काही विकले आणि भाव जास्त आला किंवा कमी आला, तरी हिशेब पुन्हा उघडणार नाही. "दोन वर्षांत विकले तर नफा वाटायचा" असली कलमे मी घालू देत नाही. तोटा झाला तर तो वाटून घ्यायला कोणी पुढे येत नाही.