एफडीचा दर आणि महागाई: फिशर परिणाम वाचताना या चुका टाळा

धरमपेठेत आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त काकूंनी मागे मला विचारलं होतं, "सर, 2013 च्या सुमारास बँक एफडीवर 9 टक्के देत होती, आता 7 देऊन राहिली. आमचं नुकसानच झालं ना?" नागपुरात अर्थशास्त्र शिकवताना हा प्रश्न मी दर वर्षी वेगवेगळ्या शब्दांत ऐकतो, आणि फिशर परिणामाबद्दलच्या बहुतेक चुका त्यातूनच निघतात.

काकूंनी दोन वर्षांचे दर शेजारी ठेवले, महागाई ठेवली नाही. 2013-14 मध्ये ग्राहक किंमत निर्देशांकानुसार महागाई साधारण 9.4 टक्के होती, 2024-25 मध्ये साधारण 4.6. म्हणजे तेव्हा 9 टक्के व्याज मिळूनही वर्षाअखेरीस त्या पैशात आधीपेक्षा किंचित कमीच वस्तू येत होत्या. 2024-25 मध्ये 7 टक्क्यांत सव्वादोन टक्के जास्त वस्तू येत होत्या. बँक सांगते तो नाममात्र व्याजदर, आणि वस्तूंच्या हिशेबात हाती उरतो तो वास्तव व्याजदर. येल विद्यापीठातल्या अर्व्हिंग फिशर यांनी 1896 मध्ये या दोघांचा संबंध मांडला:

```
(1 + i) = (1 + r) × (1 + π)
```

यात i नाममात्र दर, r वास्तव दर आणि π म्हणजे अपेक्षित महागाई. दीर्घकाळात r महागाईवर ठरत नाही, म्हणून अपेक्षित महागाई 4 टक्क्यांनी वाढली की i सुद्धा जवळपास 4 टक्क्यांनीच वाढतो. यालाच फिशर परिणाम म्हणतात.

पहिली चूक: दर फक्त सावकार वाढवतो असं समजणं

उत्तरपत्रिकांत नेहमीचं वाक्य असतं, "महागाई वाढते म्हणून बँक जास्त व्याज मागते." हे अर्धंच आहे. कोणी जास्त मागितलं म्हणून दुसऱ्यानं ते का द्यावं? कारण कर्ज घेणाऱ्याचं गणितही तेवढंच सरकलेलं असतं.

कळमना बाजारातला एक हिशेब घेऊ. समजा तुरीचा भाव क्विंटलला 10,000 रुपये आहे. एक व्यापारी दुसऱ्याला 10 लाख, म्हणजे 100 क्विंटलची किंमत, वर्षभरासाठी देतो. वर्षानं 103 क्विंटल येतील एवढे पैसे परत मिळाले तर तो समाधानी आहे, आणि घेणाऱ्यालाही धंद्यातून 3 टक्के देणं परवडतं. सगळ्याच किमती 2 टक्क्यांनी वाढतील असं दोघांना वाटत असेल तर पुढचा भाव 10,200, आणि 103 क्विंटलचे 10,50,600 रुपये. दर ठरतो 5.06 टक्के. आता दोघांचाही अंदाज 6 टक्क्यांवर गेला. पुढचा भाव 10,600, परतफेड 10,91,800, दर 9.18 टक्के. घेणाऱ्याला हा दर जड जात नाही, कारण त्याचा मालही 6 टक्के महाग विकला जाणार आहे. धान्याच्या मापात सौदा तोच राहिला.

आता समजा महागाईचा अंदाज 6 वर गेला, पण दर 5.06 वरच अडकला. मग कोणीही 10 लाख उचलून तूर भरून ठेवेल, वर्षानं 10,60,000 ला विकेल आणि 10,50,600 फेडेल. गोदामाचं भाडं यातून जाईल हे खरं, पण जमीन आणि सोन्याच्या बाबतीतही हाच मोह असतो. कर्ज मागणारे वाढतात, देणारे हात आखडतात, आणि दोन्ही बाजूंच्या रेट्यानं दर वर चढतो. एकास एक वाढ येते ती या रेट्यातून. (तूर एकटी महाग झाली तर त्याला महागाई म्हणत नाहीत, इथं सगळ्या किमती एकत्र सरकल्या असं धरलं आहे.)

दुसरी चूक: झालेली महागाई सूत्रात घालणं

सौदा होताना पुढची महागाई कोणालाच माहीत नसते, म्हणून सूत्रात अपेक्षा येते. समजा एप्रिल 2020 मध्ये कोणी 1 लाख रुपये तीन वर्षांसाठी 5.5 टक्क्यांनी, वर्षाला चक्रवाढ, ठेवले. मुदतीनंतर 1,17,424 रुपये झाले. पण त्या तीन वर्षांत महागाई सरासरी 6.2, 5.5 आणि 6.7 टक्के निघाली. 1 लाखाच्या वस्तूंना आता 1,19,548 रुपये लागत होते. म्हणजे 2,124 रुपये कमी पडले. दर बांधलेला असल्यामुळे नंतरच्या महागाईनं तो हलला नाही. इथं फिशर परिणाम खोटा ठरला असं म्हणू नका. जी महागाई दर ठरवताना धरलीच नव्हती, तिची भरपाई त्या दरात असू शकत नाही.

अपेक्षा मोजतानाही जपावं लागतं. रिझर्व्ह बँक घरोघरी महागाईच्या अपेक्षांचं सर्वेक्षण करते आणि त्यात नागपूरही आहे. पण घरातली माणसं भाजी, दूध आणि गॅस आठवून उत्तर देतात, त्यामुळे त्यांचे आकडे प्रत्यक्ष महागाईपेक्षा बरेच जास्त येतात. ते जसेच्या तसे वजा केले तर वास्तव दर नेहमीच ऋण दिसेल. पाच-दहा वर्षांच्या दरासाठी मी तरी रिझर्व्ह बँकेच्या 4 टक्क्यांच्या लक्ष्यापासून सुरुवात करतो.

तिसरी चूक: दीर्घकाळ विसरणं

"मग 2020 मध्ये महागाई 6 च्या वर असताना रेपो दर 4 टक्के कसा?" असं हुशार मुलं विचारतात, आणि विचारायलाच हवं. मध्यवर्ती बँक पैसा पुरवून अल्पकाळात दर खाली धरू शकते. मग वास्तव दर घसरतो आणि एकास एक नातं तुटतं. पण त्या काळात स्वस्त कर्ज मागणीला आणि किमतींना रेटत राहतं. आपल्याकडे मे 2022 पासून दर वाढवायला सुरुवात झाली आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत रेपो 6.5 टक्क्यांवर गेला.

तुर्कस्ताननं हा ताण फार लांबवला. 2021 मध्ये 19 टक्क्यांवर असलेला दर महागाई चढत असतानाही कापत कापत 2023 च्या सुरुवातीला 8.5 वर आणला. ऑक्टोबर 2022 मध्ये महागाई 85 टक्क्यांच्या वर गेली होती. मार्च 2024 मध्ये तोच दर 50 टक्के करावा लागला. दर कापल्यानं महागाई उतरेल असं मानणाऱ्यांनी फिशरचं समीकरण उलटं वाचलं होतं. नाममात्र दर अपेक्षेच्या मागे जातो, पण दर खाली ओढला म्हणून अपेक्षा त्याच्यामागून खाली येत नाही.

करामुळे काय होतं

कर नाममात्र व्याजावर लागतो, त्यातला महागाईचा भाग कोणी वगळत नाही. 30 टक्के कर भरणाऱ्याला वरच्या उदाहरणातले 5.06 टक्के हातात हवे असतील तर 7.23 टक्के दर लागतो, आणि 9.18 हवे असतील तर 13.11. महागाई 4 नं वाढली, दर जवळपास 6 नं वाढायला हवा. बाजारात दर सहसा तेवढा वाढत नाही, म्हणून महागाईच्या वर्षांत कर भरणारा ठेवीदार दोनदा मार खातो. काकू करपात्र मर्यादेच्या आत होत्या, त्यामुळे त्यांचा सव्वादोन टक्क्यांचा हिशेब मी तसाच ठेवला आणि त्यांच्या पासबुकाच्या मागच्या पानावर पेन्सिलनं लिहून दिला.