आजारपणाच्या रजेचे मेडिकल सर्टिफिकेट: आधी तपासणीची तारीख पाहा

मी पुण्यातील एका खाजगी कंपनीच्या एचआर विभागात काम करते. आजारपणाच्या रजेसाठी आलेली सर्टिफिकेटे तपासणे हे माझे नेहमीचे काम आहे. तरीही मागच्या आजारपणात मी स्वतः जे सर्टिफिकेट सादर केले, त्यात डॉक्टरांनी मला कोणत्या दिवशी तपासले हे लिहिलेले नव्हते आणि त्यामुळे रजेचे सुरुवातीचे दिवस बिनपगारी धरले गेले. म्हणून या यादीत तपासणीची तारीख पुन्हा पुन्हा येईल.

डॉक्टरांचे लेटरहेड, सही, शिक्का आणि दवाखान्याचा पत्ता असावा, हे वेगळे सांगायला नको. रुग्णाचे नाव मात्र कंपनीच्या नोंदीत आहे तसेच लिहून घ्यावे. लग्नानंतर दवाखान्यात सासरचे आणि पगारपत्रकात माहेरचे नाव असणाऱ्या स्त्रियांची सर्टिफिकेटे एवढ्याच कारणावरून अडकून पडतात. केस पेपर काढतानाच नाव बरोबर सांगितले, तर पुढचा पत्रव्यवहार वाचतो.

आता तारखा. चांगल्या सर्टिफिकेटात तीन वेगवेगळ्या तारखा असतात: डॉक्टरांनी रुग्णाला तपासले ती, विश्रांतीचा काळ जिथून जिथपर्यंत आहे ती, आणि सर्टिफिकेट दिले ती. बहुतेक छापील नमुन्यांत तळाशी ‘दिनांक’ एवढीच एक जागा असते. घाईत तिथे सर्टिफिकेट दिल्याची तारीख पडते आणि तपासणीची तारीख कुठेच उरत नाही. वाचणाऱ्याला मग कळत नाही की डॉक्टरांनी आजारी माणूस पाहिला, की बरा झालेला माणूस पाहून मागच्या आजाराविषयी ऐकून घेतले.

एक उदाहरण घेऊ. एका कर्मचाऱ्याला सोमवारी, १४ जुलैला ताप आला. पहिले दोन दिवस त्याने घरीच तापाच्या गोळ्या घेतल्या आणि बुधवारी, १६ जुलैला तो डॉक्टरांकडे गेला. रक्त तपासल्यावर डेंग्यू निघाला आणि डॉक्टरांनी २२ जुलैपर्यंत विश्रांती सांगितली. तो २३ जुलैला कामावर आला आणि त्याच दिवशी जाऊन सर्टिफिकेट घेऊन आला. त्यावर ‘१४ ते २२ जुलै, डेंग्यू’ असे लिहिलेले होते आणि खाली तारीख २३ जुलै होती. आजार खरा होता, डॉक्टर खरे होते, रक्ताचा रिपोर्टही होता. पण कागदावरून दिसते ते इतकेच, की २३ तारखेला एका डॉक्टरांनी मागच्या नऊ दिवसांविषयी काही लिहून दिले. तेच सर्टिफिकेट असे असायला हवे होते: ‘रुग्णाची १६ जुलै रोजी तपासणी केली; रुग्णाच्या सांगण्यानुसार १४ जुलैपासून ताप आहे; १६ ते २२ जुलै, दोन्ही दिवस धरून सात दिवस, विश्रांती आवश्यक आहे.’ १४ आणि १५ तारखेबद्दल डॉक्टर स्वतःच्या माहितीने काही प्रमाणित करू शकत नाहीत, कारण त्या दिवशी त्यांनी रुग्णाला पाहिलेलेच नव्हते. ते फक्त रुग्णाने सांगितलेला इतिहास नोंदवू शकतात. त्या दोन दिवसांसाठी कर्मचाऱ्याने किरकोळ रजेचा अर्ज द्यावा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा आहे आणि ती अशाच वेळी उपयोगी पडते. त्या कायद्यात आजारपणाची वेगळी रजा नाही, ती कंपनीच्या धोरणातून मिळते. त्यामुळे सर्टिफिकेट कितव्या दिवसापासून लागते हेही आपापल्या धोरणातच पाहावे.

मागची तारीख टाकून द्या, असा आग्रह डॉक्टरांना कधीही करू नये. ओळखीचे फॅमिली डॉक्टर असले तरी करू नये. १६ तारखेचा केस पेपर आणि १६ तारखेची पावती दवाखान्यात असताना सर्टिफिकेटवर १४ तारखेची तपासणी लिहिली, तर खरा आजारही खोटा वाटू लागतो. खोटे किंवा दिशाभूल करणारे सर्टिफिकेट दिल्याबद्दल डॉक्टरांचे नाव नोंदणीतून काढले जाऊ शकते, हेही ध्यानात असू द्यावे. दवाखान्यातून उठण्यापूर्वी कागद हातात घेऊन तपासणीची तारीख आहे की नाही ते वाचावे, आणि दिवसांची बेरीजही करून पाहावी. ‘१६ ते २२, सहा दिवस’ असे लिहिलेली सर्टिफिकेटे मी नेहमी पाहते आणि ती सगळी दुरुस्तीसाठी परत जातात.

दुसरी मोठी गोष्ट डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकाची. नुसता क्रमांक पुरत नाही. तो कोणत्या परिषदेचा आहे हेही हवे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते, तर आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. तोच आकडा दोन परिषदांत दोन वेगळ्या व्यक्तींचा असू शकतो. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचे जुने क्रमांक नुसते आकडे असतात, नंतरचे वर्ष, महिना आणि अनुक्रम अशा तिरक्या रेघांनी तोडलेल्या स्वरूपात असतात. शिक्का पुसट असला की नेमका वर्षाचा भाग वाचता येत नाही. शिक्का पुसट उमटला असेल तर क्रमांक पेनाने लिहून मागावा.

तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाविषयीच्या २००२ च्या नियमांना जोडलेल्या नमुन्यात सर्टिफिकेटवर रुग्णाची सही किंवा अंगठा आणि ओळखखूण असते. त्याच नियमांनुसार डॉक्टरांनी दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंदवही ठेवायची असते आणि त्याची प्रतही जपायची असते. खाजगी कंपन्या ओळखखुणेचा आग्रह सहसा धरत नाहीत, पण नोंदवही मात्र फार महत्त्वाची आहे, कारण चौकशी झाली तर दवाखाना तीच उघडून पाहतो. तिथे तुमची नोंद नसेल, तर रिसेप्शनवरची व्यक्ती प्रामाणिकपणे ‘आमच्याकडे असे काही नाही’ असे सांगून मोकळी होते. म्हणून सर्टिफिकेट घेताना, ‘डॉक्टर, याची नोंद झाली ना, आणि तपासणीची तारीख तीच पडली ना?’ असे सरळ विचारावे. विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. फीची पावतीही त्याच दिवशी घ्यावी, कारण तपासणीची तारीख सिद्ध करणारा तो दुसरा कागद असतो.

आजाराचे नाव नमुन्यात अपेक्षित आहे, परंतु ते थोडक्यात असले तरी चालते. रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, औषधांची संपूर्ण यादी असे सगळे एचआरला आपणहून देऊन टाकू नये. रजा मंजूर करणाऱ्याला रुग्ण काम करण्याच्या स्थितीत होता की नव्हता आणि किती दिवस, एवढेच ठरवायचे असते.

एचआर हे कसे तपासते, तेही क्रमाने सांगते. पहिली तपासणी टेबलावरच होते: तारखा एकमेकींशी जुळतात का, दिवसांची संख्या बरोबर आहे का, आजार आणि डॉक्टरांची शाखा यांचा मेळ बसतो का, तपासणीच्या दिवशी हा माणूस हजेरीत कामावर तर दिसत नाही ना. हे शेवटचे आम्ही नेहमी पाहतो. तपासणी सकाळी दहाची आणि त्याच वेळी गेटवर कार्ड पंच केलेले असेल, तर खुलासा मागितला जातोच. दुसरी पायरी नोंदणीची. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरील ‘इंडियन मेडिकल रजिस्टर’ मध्ये किंवा राज्य परिषदेच्या यादीत नाव आणि क्रमांक शोधला जातो. नावाच्या स्पेलिंगमधील फरकामुळे किंवा यादी अद्ययावत नसल्यामुळे खरे डॉक्टरही कधी कधी सापडत नाहीत. म्हणून ‘यादीत नाही’ एवढ्यावरून एचआरने सर्टिफिकेट फेटाळू नये, परिषदेकडे विचारणा करावी.

तिसरी पायरी दवाखान्याशी संपर्काची, आणि ती संशय असेल तेव्हाच घ्यावी. फोन करताना लेटरहेडवर छापलेल्या क्रमांकावर विसंबू नये, कारण बनावट लेटरहेडवर क्रमांकही बनावट असतो. दवाखान्याचा क्रमांक स्वतंत्रपणे शोधावा. फोनवर तीनच गोष्टी विचारायच्या: हे सर्टिफिकेट तुम्ही दिले आहे का, तपासणी कोणत्या तारखेला केली, आणि विश्रांती कधीपासून कधीपर्यंत सांगितली. आजाराविषयी काहीही विचारायचे नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि पुष्कळ डॉक्टर फोनवर तर या तीन प्रश्नांचीही उत्तरे देत नाहीत. अशा वेळी सर्टिफिकेटची प्रत आणि कर्मचाऱ्याचे लेखी संमतीपत्र जोडून ईमेल करावा. त्या उत्तरातही पहिला मुद्दा तपासणीच्या तारखेचाच असतो, म्हणून पुन्हा सांगते, ती दोन्हीकडे एकच असली पाहिजे. एवढे करूनही शंका उरली, तर सरकारी नोकरीत सिव्हिल सर्जनच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचे मत मागवता येते आणि खाजगी कंपनीत, नियमात तशी तरतूद असल्यास, कंपनीच्या डॉक्टरांकडे पाठवले जाते. कारवाई करण्याआधी कर्मचाऱ्याला लेखी खुलाशाची संधी दिलीच पाहिजे.

ईएसआयमध्ये असलेल्यांनी पहिल्याच दिवशी ईएसआय दवाखाना गाठावा, कारण आजारपणाचा लाभ तिथल्या सर्टिफिकेटवरच अवलंबून असतो. खाजगी डॉक्टरांचा कागद पुढे करून नंतर धावाधाव होते. न तपासता काही मिनिटांत सर्टिफिकेट देणाऱ्या ऑनलाइन सेवा टाळाव्यात. व्हिडिओवरून खरी तपासणी झाली असेल, तर ती तशी झाली हे आणि तिची तारीख कागदावर असू द्यावी.

विश्रांती वाढवायची असेल तर आधीची मुदत संपण्यापूर्वी पुन्हा तपासून घ्यावे. वाढीव सर्टिफिकेटलाही स्वतःची तपासणीची तारीख लागते. कामावर रुजू होताना फिटनेस सर्टिफिकेट वेगळे घ्यावे. त्यातही तपासणीची तारीख आणि कोणत्या दिवसापासून कामास योग्य, या दोन्ही गोष्टी हव्यात. यंत्रावर काम करणाऱ्यांनी हलके काम सांगितले असल्यास तेही लिहून घ्यावे. मूळ कागद एचआरला, झेरॉक्स आपल्याकडे, आणि दिल्याची पोच ईमेलवर घ्यावी.