बोर्डो मिश्रणाची कृती वाचताना: न करून पाहिलेली माहिती कशी ओळखावी

मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी विदर्भातील संत्रा बागांमध्ये डिंक्या रोगासाठी खोडांना बोर्डो मलम लावतात, तर कोकण आणि गोव्यात सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रणाची फवारणी करतात. या दिवसांत मोबाइलवर ‘बोर्डो मिश्रण बनवण्याची सोपी पद्धत’ अशा मथळ्याची माहिती फिरू लागते आणि तिच्यातील बराच मजकूर आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेला असतो. त्यात शुद्धलेखन चांगले असते आणि प्रमाणही बहुधा बरोबर असते, त्यामुळे केवळ भाषा पाहून तो ओळखता येत नाही. प्रत्यक्ष मिश्रण करणाऱ्याला जिथे अडचण येते, तिथे मजकूर काय सांगतो हे पाहावे.

एका बागायतदाराने मला दाखवलेल्या अशाच मजकुरात कृती थोडक्यात अशी होती: १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना १०० लिटर पाण्यात एकत्र करून चांगले ढवळावे, गाळून फवारावे आणि उरलेले मिश्रण झाकून ठेवून आठवडाभर वापरावे. शेवटी हातमोजे व मास्क वापरण्याची सूचना होती. एक टक्का मिश्रणासाठी हे प्रमाण योग्य आहे, पण ज्याने ही कृती एकदा जरी केली असेल त्याच्या हातून असा मजकूर उतरणार नाही.

पहिली गोष्ट मोरचूद विरघळण्याची. त्याचे मोठे खडे पाण्यात टाकले की तळाशी बसतात, भोवतालचे पाणी दाट निळे होते आणि पुढे विरघळणे मंदावते. म्हणून अनुभवी माणूस खडे कापडी पुरचुंडीत बांधून पाण्याच्या वरच्या थरात टांगतो. विरघळलेले जड पाणी खाली जाते, खड्यांना ताजे पाणी मिळत राहते आणि सकाळपर्यंत काम होते. ‘चांगले ढवळावे’ एवढ्यावर भागवणाऱ्या लेखकाला ही अडचण आलेली नसते.

दुसरी गोष्ट भांड्याची आणि क्रमाची. मोरचुदाचे द्रावण लोखंडी ड्रममध्ये ठेवल्यास तांबे लोखंडावर जमते, द्रावण कमजोर होते आणि ड्रमही खराब होतो. त्यामुळे प्लॅस्टिकचे किंवा लाकडी भांडेच घ्यावे लागते. दोन्ही द्रावणे प्रत्येकी सुमारे ५० लिटर पाण्यात वेगवेगळी करून तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतावीत किंवा मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या दुधाळ द्रावणात हळूहळू सोडावे. चुना मोरचुदात ओतू नये, कारण मग साका जाड पडतो, लवकर तळाला बसतो आणि नोझल तुंबतात. चुना कोणता, हेही त्या मजकुरात नव्हते. कळीचा चुना विरवताना पाणी उकळते आणि शिंतोडे डोळ्यांत उडू शकतात. तो आधी विरवून, थंड करून, गाळून घ्यावा लागतो. उघड्यावर पडून जुना झालेला चुना कमजोर असतो, तेव्हा ‘१ किलो’ हा आकडा पुरेसा ठरत नाही.

यावरून तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची खूण सापडते, ती म्हणजे चाचणीचा अभाव. तयार मिश्रणात घासून चकचकीत केलेला विळा किंवा नवा खिळा काही मिनिटे बुडवतात. त्यावर तांबूस थर आला, तर मोरचूद मोकळे शिल्लक आहे असे समजून आणखी चुन्याचे दुधाळ द्रावण घालतात, नाहीतर पाने करपतात. ही चाचणी चुना कमी पडल्याचे दाखवते, जास्त झाल्याचे नाही. त्यासाठी सामू कागद लागतो आणि सामू ७ किंवा त्याहून थोडा वर असावा.

हातमोजे आणि मास्कची सूचना चुकीची नाही, पण ती निंबोळी अर्काच्या कृतीखालीही जशीच्या तशी चालते. खरी सावधगिरी त्या त्या पायरीशी बांधलेली असते: मिश्रण त्याच दिवशी संपवावे, कारण साक्याचे कण वाढून ते पानाला नीट चिकटत नाही, इतर कीटकनाशके त्यात मिसळू नयेत, कारण चुन्यामुळे अनेक औषधे निकामी होतात, ढगाळ व सतत ओल्या हवेत फवारू नये, कारण पान वाळत नाही आणि तांब्याची इजा होते. ज्या कृतीत यांपैकी एकही गोष्ट तिच्या जागी सापडत नाही, ती ड्रमभर करू नये.

अर्थात जुन्या छापील पत्रकांतही कधी या सूचना गळालेल्या असतात, म्हणून संशय आला तरी मजकूर कुणी लिहिला यावर वेळ घालवण्यापेक्षा लहान प्रमाणात करून पाहावे. १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम विरवलेला चुना प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात घेऊन एक लिटर मिश्रण बनवावे, खिळ्याने तपासावे, मग एका झाडाच्या दोन फांद्यांवर फवारून दोन-तीन दिवस पानांच्या कडा पाहाव्यात. कडा तपकिरी दिसल्या, तर ती कृती बाजूला ठेवून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चुन्याचा नमुना दाखवावा.