मिथिलफेनिडेट सुरू आहे आणि डबा तसाच परत येतोय? आधी वेळा तपासा

समजा, नाशिकच्या इंदिरानगरमधला पाचवीतला मुलगा. लक्ष टिकत नाही, चंचलपणा फार, म्हणजेच एडीएचडी, म्हणून डॉक्टरांनी त्याला मिथिलफेनिडेट दिलंय. शाळा सव्वासात ते पावणेएक. सहाला उठतो, कपभर दूध पिऊन साध्या, कमी वेळ टिकणाऱ्या मिथिलफेनिडेटची गोळी घेतो आणि रिक्षात बसतो. मधल्या सुट्टीत पोळीभाजीला हात लागत नाही, रात्री नऊला मात्र तो फ्रिज उघडून उभा. यात हट्ट नाही. ही गोळी साधारण अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते, तीन-चार तास टिकते आणि तेवढा वेळ भूक मारते.

म्हणून पहिलं काम म्हणजे गोळीआधी पोटभर नाश्ता. अंडं-पोळी, तूप घातलेला उपमा किंवा थालीपीठ-दही सहा-वीसला द्या आणि गोळी पावणेसातला. डब्यात दाण्याचा लाडू, केळं असं दोन घासांत संपणारं ठेवा. खाल्लं नाही तर रागावू नका.

सकाळच्या गोळीचा असर अकराच्या सुमारास ओसरतो, त्यामुळे एकच्या जेवणाला भूक असते. दुसरी गोळी डॉक्टरांनी सांगितली असेल तर ती जेवण झाल्यावर, सव्वा-दीडला. चारनंतर शक्यतो नकोच, झोप लांबते. संध्याकाळी सहाला भरपेट खाणं आणि रात्रीचं जेवण हे दोन्ही ठरलेलं ठेवा.

शेवटच्या दोन तासिकांत लक्ष उडतं असं बाई सांगत असतील, तर गोळी मनाने वाढवू नका. डॉक्टर दीर्घकाळ टिकणारी गोळी सुचवू शकतात. मग दुपारची भूकही मंदावेल, आणि ती कसर संध्याकाळी भरून काढावी लागेल. ती गोळी चावू किंवा कुटू नये.

वजन दर तीन महिन्यांनी आणि उंची दर सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच काट्यावर आणि त्याच भिंतीवर मोजून वहीत लिहा. वजन घटलं किंवा वाढणं थांबलं, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, नसलेलं दिसणं-ऐकू येणं असेल, तर वाट पाहू नका, लगेच दाखवा.

आता सुट्टीचं. वाढ मंदावली असेल तर मे महिन्यात गोळी थांबवून बघण्याचा सल्ला डॉक्टर देतात. त्या काळात भूक परतते. पण सायकल घेऊन गंगापूर रोडच्या वाहनांत बेधडक घुसणाऱ्या मुलाला हा खंड महागात पडू शकतो, हे त्यांना स्पष्ट सांगा. शिवाय सुट्टीत शांत राहिला म्हणजे गोळीची गरज संपली, असं नाही. तिथे तासभर बाकावर बसायचंच नसतं. गरज आहे का हे पाहायचं असेल, तर परीक्षा नसलेले शाळेचे साधे आठवडे निवडा. बाईंना आधी सांगा आणि त्यांचं निरीक्षण लिहून घ्या. जूनमध्ये पुन्हा सुरू करताना किती मात्रेने करायचं हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि चिठ्ठी वेळेत मिळवा. हे औषध सगळ्या दुकानांत मिळत नाही.