पीएलसीवाले दोन, मशीन पाच: कोणतं काम आधी घ्यायचं ते कसं ठरवावं

भोसरी-चाकण पट्ट्यात स्पेशल पर्पज मशीन बनवणाऱ्या कंपनीत फिटर मिळतात, वायरमन मिळतात, डिझाइनरही मिळतात. घोडं अडतं पीएलसी प्रोग्रॅमरपाशी. ते दोघेच असतात आणि हातातल्या पाचही कामांना एकाच महिन्यात हवे असतात. अशा वेळी ‘प्रत्येक प्रोजेक्टला वीस-वीस टक्के वेळ द्या’ असा सल्ला देणारा हमखास भेटतो. त्याच्या नादी लागू नका. अर्धवट सोडलेला प्रोग्रॅम आठवड्याने पुन्हा उघडला की मागचं आठवण्यातच सकाळ जाते, आणि पाचही मशीन मिळून उशिरा निघतात.

आधी गुण द्या. निकष तीन पुरेत: ऑर्डरमध्ये सुटणारा पैसा, उशीर झाल्यास बसणारा दंड आणि त्या ग्राहकाकडून पुढचं काम येण्याची शक्यता. गुण शंभरपैकी. पैशाचा आकडा अकाउंट्सने द्यायचा, तारखेचा सेल्सने. ज्याचा प्रोजेक्ट त्याच्या हातात पेन द्यायचं नाही. सुरक्षेची किंवा कायद्याने बंधनकारक कामं गुणांच्या रांगेत उभीच करू नका, त्यांचे दिवस आधीच बाजूला काढा. बारा निकषांचे तक्ते मी पाहिलेत. त्यातून हवं ते उत्तर काढता येतं, एवढाच त्यांचा उपयोग.

मग प्रत्येक कामाला पीएलसीवाल्यांचे किती दिवस लागतील ते लिहा. प्रोग्रॅमरला विचारलंत तर तो प्रोग्रॅम लिहायचे दिवस सांगेल. त्यात आपल्या शेडमधली ट्रायल, ग्राहकाकडचं इन्स्टॉलेशन आणि प्रवास मिळवायचा. तशाच जुन्या मशीनची टाइमशीट काढून बघा, आकडा बहुतेक वेळा वाढतोच.

उदाहरणादाखल एका तिमाहीचा तक्ता:

| काम | गुण | पीएलसी दिवस | एका दिवसामागे गुण |
|---|---|---|---|
| गाडीच्या पार्टची ट्रान्सफर लाइन | 90 | 45 | 2.0 |
| असेंब्ली स्टेशन | 70 | 28 | 2.5 |
| लीक टेस्टिंग मशीन | 60 | 15 | 4.0 |
| कारखान्यातली डेटा गोळा करायची सिस्टिम | 54 | 30 | 1.8 |
| जुन्या प्रेसचं रेट्रोफिट | 45 | 10 | 4.5 |

शेवटचा रकाना महत्त्वाचा. टंचाई पैशाची नाही, या दोघांच्या दिवसांची आहे; म्हणून त्यांच्या एका दिवसातून काय पदरात पडतं ते बघायचं. सरळ गुणांनी रांग लावली असती तर रेट्रोफिट तळाला गेलं असतं. इथे ते वर येतं. मात्र 4.5 आणि 4.0 यांत भांडत बसू नका. गुण अंदाजाचे आहेत, एवढा फरक बरोबरीतच धरायचा.

आता अवघड पायरी: आपल्याकडे दिवस किती? एकूण 128 दिवसांची मागणी आहे. यावर मी सर्वांत जास्त डोकं फोडलंय, आणि बहुतेक चार्ट इथेच खोटे ठरतात. ऑक्टोबर ते डिसेंबर, 13 आठवडे, गुरुवारची सुट्टी सोडून आठवड्याला सहा दिवस, माणसं दोन. कागदावर 156 दिवस. हा आकडा बघून व्यवस्थापक म्हणतो, सगळं बसतंय की! बसत नाही.

दिवाळीचा पूर्ण आठवडा गेला, म्हणजे 12 दिवस. इतर रजा 6. उरले 138. मग सर्व्हिस कॉल. तीन वर्षांपूर्वी दिलेलं मशीन सेन्सर दाखवत नाही म्हणून ग्राहकाचा फोन येतो आणि आपला माणूस बॅग उचलून निघतो. हे दिवस कुणी प्लॅनमध्ये धरत नाही, कारण ते ‘कधीतरी’ येतात. ते कधीतरी येत नाहीत, दर महिन्याला येतात. मागच्या दोन तिमाहींची सर्व्हिस रिपोर्टची फाइल काढा आणि दिवस मोजा. कुणाच्या आठवणीवर जाऊ नका. या उदाहरणात एका तिमाहीला सरासरी 36 निघाले. सेल्सला कोटेशनसाठी मदत आणि मीटिंगा यांत 12. हाती 90.

हे 90 सुद्धा पूर्ण भरायचे नाहीत. पॅनल उशिरा येतो, सिलिंडर बदलावा लागतो, ग्राहक ट्रायलच्या दिवशी कॉम्पोनंटच पाठवत नाही. माणूस काठोकाठ भरलेला असला की यातला एक धक्काही पुढच्या प्रत्येक कामाला बसतो. मी 80 टक्क्यांवर रेष मारतो, म्हणजे 72 दिवस. कागदावरच्या निम्म्याहूनही कमी. मालकांना हे पटत नाही, आळशीपणा वाटतो. वाद घालू नका, सर्व्हिसची फाइल समोर ठेवा. आणि दोघांपैकी एकालाच सर्व्हो जमत असेल, तर त्याची रेष वेगळी काढा. दोघांची बेरीज केली की तो अडसर चार्टवर दिसतच नाही.

आता 72 मध्ये कामं बसवा. दिवसामागच्या गुणांनी गेलात तर रेट्रोफिट, लीक टेस्टिंग, असेंब्ली स्टेशन: 53 दिवस, 175 गुण. उरलेल्या 19 दिवसांत दुसरं काही मावत नाही. इथे थांबू नका, शेवटचं काम बदलून बघा. असेंब्ली स्टेशनच्या जागी ट्रान्सफर लाइन घेतली तर 70 दिवस आणि 195 गुण. कामं मोठी आणि अखंड असली की नुसत्या भागाकाराची रांग चुकते, म्हणून ही अदलाबदल करायचीच.

बेरीज जमली तरी आठवडे जमले असं नाही. एक्सेलमध्ये Combo चार्ट घ्या: आठवड्याचे दिवस Stacked Column मध्ये, क्षमता Line मध्ये. दिवाळीच्या आठवड्यात रेष शून्यावर, बाकी बारा आठवडे 6 वर. नवव्या आठवड्यात लाइनच्या ट्रायलचे 5 आणि लीक टेस्टिंगच्या ट्रायलचे 4 असे 9 दिवस चढले, तर स्तंभ रेषेच्या वर डोकं काढतो. लीक टेस्टिंगचं मशीन छोटं आहे, पॅनल लवकर मिळणार असेल तर त्याची ट्रायल सातव्या आठवड्यात ओढा. तिथेही जागा नसेल तर पुढे ढकला आणि ग्राहकाला तारीख आजच कळवा.

असेंब्ली स्टेशन आणि डेटा सिस्टिम थांबली. थांबली म्हणजे पूर्ण थांबली. ‘डिझाइनर मोकळे आहेत, निदान ड्रॉइंग तर काढू’ असं कुणीतरी म्हणणारच. मग ड्रॉइंग झालं म्हणून माल मागवतात, माल आला म्हणून असेंब्ली करतात, आणि नोव्हेंबरात शेडच्या मधोमध एक तयार मशीन प्रोग्रॅमरची वाट बघत उभं राहतं. पैसा त्यात अडकलेला, ग्राहक रोज फोनवर. शेवटी वैतागून कुणीतरी लाइनवरचा माणूस काढून तिकडे लावतो, की संपला तुमचा चार्ट. असेंब्ली स्टेशनचं डिझाइन कधी सुरू करायचं ते जानेवारीतल्या पीएलसी तारखेवरून उलटं मोजून ठरवा.

मध्येच तातडीची ऑर्डर आली तर तिचे दिवस त्याच चार्टवर चढवा आणि आणणाऱ्यालाच विचारा, कुठलं काम खाली उतरवू? दर तिमाहीला रेषेवर एवढंच ओझं उरत असेल, तर बाहेरचा पीएलसी कॉन्ट्रॅक्टर घ्या, पण त्याला रेट्रोफिटसारखं आखीव काम द्या, ट्रान्सफर लाइन नको. आणि त्याला समजावायला, त्याचा प्रोग्रॅम तपासायला आपल्या माणसाचे जे दिवस जातील, तेही 72 मधूनच वजा होतात.