अर्धा फोटो, खाली करडा पट्टा: उरलेला भाग कुठे गेला?

कार्डवरून रिकव्हर केलेला फोटो वर नीट आणि खाली सपाट करडा दिसला, की नवीन माणूस आधी 'जेपीईजी रिपेअर'चं सॉफ्टवेअर शोधतो. मी या कामात पडलो तेव्हापासून आधी फाइलचे कच्चे बाइट दाखवणारा हेक्स एडिटर उघडतो. डेटा बिघडलाय की जागेवर नाहीच, हे तिथेच कळतं.

जेपीईजीमध्ये चित्र छोट्या चौकटींत वरून खाली, ओळीने साठवलेलं असतं. प्रत्येक चौकटीचा उजेड आणि रंग आधीच्या चौकटीपासूनचा फरक म्हणून लिहिलेला असतो आणि कोडची लांबी कमीजास्त असते. त्यामुळे मध्ये एक जरी बिट चुकला तरी पुढचं वाचन घसरतं: फोटो आडवा सरकतो, गुलाबी किंवा हिरवट होतो. करडा रंग म्हणजे वाचायला काही मिळालंच नाही.

एक उदाहरण सांगतो. वरचा तिसरा हिस्सा स्वच्छ, मग रंगीत कचऱ्याची पट्टी, मग करडं. हेक्समध्ये `0x280000` या ठिकाणी `FF D8 FF E1` दिसलं. ही तर नव्या फोटोची सुरुवात! (फाइलच्या पहिल्या काही केबीतही `FF D8` पुन्हा सापडतं, पण तो आतला थंबनेल असतो, त्याने फसू नका.) कार्डवर फाइल ठरावीक मापाच्या कप्प्यांत, म्हणजे क्लस्टरमध्ये, लिहिली जाते. या कार्डचा क्लस्टर 32 केबीचा, आणि ही जागा बरोबर 80 क्लस्टरनंतरची. म्हणजे फोटो तुटलेला नव्हता, तुकड्यांत लिहिलेला होता. कॅमेऱ्यात मधले फोटो डिलीट करून पुढे शूटिंग केलं की असं होतं: मोकळ्या झालेल्या जागेत पहिला तुकडा मावतो, उरलेला पुढे जातो. फाइल डिलीट झाल्यावर तुकड्यांची साखळी पुसली गेली असेल, तर सॉफ्टवेअर सगळं सलग आहे असं धरून चालतं.

मग कार्डच्या इमेजमध्ये, म्हणजे पूर्ण कार्डच्या हुबेहूब प्रतीत, मधला फोटो जिथे खरोखर संपतो, त्याच्या पुढच्या क्लस्टरपासून डेटा घेतला आणि पहिल्या 80 क्लस्टरना जोडला. फोटो पूर्ण उघडला. हे सगळं इमेजवरच करायचं, मूळ कार्डला हात लावायचा नाही:

```
ddrescue -d /dev/sdX card.img card.map
```

`sdX`च्या जागी आपल्या कार्डचं नाव नीट तपासून घाला.

मात्र त्या ठिकाणापासून नुसते `00 00 00` दिसले आणि उरलेला तुकडा इमेजमध्ये कुठेच सापडला नाही, किंवा त्यावर नवे फोटो लिहिले गेले असतील, तर तो भाग गेला. कोणतंही रिपेअर सॉफ्टवेअर तो परत आणत नाही, आणि ग्राहकाला हे पैसे घेण्याआधीच सांगावं. तरीही फाइलची सुरुवात शाबूत असेल तर आतला प्रिव्ह्यू काढून बघा:

```
exiftool -b -PreviewImage foto.jpg > preview.jpg
```

काही कॅमेरे बऱ्यापैकी मोठा प्रिव्ह्यू ठेवतात. नाहीतर `-ThumbnailImage` वापरा. तो बहुधा 160×120चा असतो, छापण्याजोगा नाही, पण फोटोत कोण होतं ते दिसतं. रॉ फाइल असेल तर आतला जेपीईजी पुष्कळदा पूर्ण आकाराचा असतो, म्हणून तिथे मी सर्वात आधी तोच काढतो.