कोंडा परतू नये म्हणून शाम्पूची पाळी

औषधी शाम्पूने कोंडा गेला की आपण बाटली बंद करतो आणि तीन-चार आठवड्यांत ठाण्याच्या दमट हवेत गडद शर्टाच्या खांद्यावर पुन्हा पांढरा भुगा दिसतो. कारण टाळूच्या तेलावर जगणारी मॅलासेझिया ही बुरशी शाम्पूने कमी होते, नाहीशी होत नाही.

म्हणून शाम्पू एकदम थांबवू नये. माझा क्रम असा आहे:

१. पहिले चार आठवडे २ टक्के कीटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा वापरावा. फेस केसांना नव्हे, टाळूला लावून पाच मिनिटे ठेवावा. बहुतेकांची चूक इथेच होते, फेस लगेच धुतला जातो.

२. त्यानंतर एका आठवड्यात कीटोकोनॅझोल, तर दुसऱ्या आठवड्यात झिंक पायरिथिऑन या दुसऱ्या बुरशीरोधकाचा शाम्पू एकदा वापरावा; एरवी साधा शाम्पू चालतो.

घेताना बाटलीमागील घटक वाचावा, कारण नाव बदलले तरी औषध पुष्कळदा तेच असते. खपल्या जाड असतील तरच सॅलिसिलिक आम्लाचा शाम्पू मध्ये घ्यावा. तो बुरशीपेक्षा खपल्यांवर काम करतो.

चार आठवड्यांतही फरक नसेल, टाळू लाल होऊन चिघळत असेल किंवा केस पुंजक्याने गळत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.